घरातून दरमहा पैसे: रिव्हर्स मॉर्गेज घेण्याआधी गावाकडच्या घरमालकांनी करायचा हिशेब

नेहमीच्या गृहकर्जात आपण बँकेला हप्ता देतो आणि कर्ज दर महिन्याला कमी होतं. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये बँक आपल्याला हप्ता देते आणि कर्ज दर महिन्याला वाढतं. घर आपल्याच नावावर राहतं आणि आपण त्यातच राहतो. जिवंत असेपर्यंत मुद्दल किंवा व्याज भरावं लागत नाही. नवरा-बायको दोघंही गेल्यावर बँक घराच्या किमतीतून आपली सगळी रक्कम वसूल करते आणि उरलं ते वारसांना मिळतं. ही योजना २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली. तिचे नियम राष्ट्रीय आवास बँकेने ठरवलेले आहेत आणि कर्ज देणाऱ्या बँका त्या चौकटीत आपापल्या अटी घालतात.

ऐकायला हे सरळ वाटतं. गफलत दोन ठिकाणी होते: बँक सांगते त्या रकमेचा अर्थ काय, आणि कागदावर नाव कोणाकोणाचं आहे. या लेखात त्या दोन गोष्टींवरच जास्त जागा खर्च केली आहे.

पहिली पायरी: घर बसतं का ते बघा

अर्जदाराचं वय ६० पूर्ण हवं. नवरा-बायकोने मिळून अर्ज केला तर एकाचं वय ६० च्या वर आणि दुसऱ्याचं किमान ५५ हवं. घर राहतं हवं, स्वतः कमावलेलं हवं आणि त्यावर दुसरा बोजा नको. वावर या योजनेत चालत नाही, मग ते कितीही एकर असो. वावरात बांधलेलं घर अकृषक परवानगीशिवाय उभं असेल तर तेही बाद होतं. दुकानाचा गाळाही चालत नाही.

वऱ्हाडात काय आणि नागपूर विभागात काय, बहुतेक प्रकरणं अडतात ती कागदांवर. गावठाणातल्या घरमालकाकडे बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरटॅक्सची पावती असते. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नाही. बँकेचा वकील तेवढ्यावर पुढे जात नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन तुमच्या गावात मिळकत पत्रिका निघाल्या असतील, तर आधी ती पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. तीवर नाव कोणाचं लागलंय, वडिलांचं की सगळ्या भावांचं, हे नीट वाचा. तीन भावांची नावं एका पत्रिकेवर असतील तर एकट्याला कर्ज मिळणार नाही. आधी वाटणीपत्र नोंदवून पत्रिका वेगळी करून घ्यावी लागेल, आणि वडिलोपार्जित हिश्श्याला ‘स्वतः कमावलेलं’ म्हणायला बँक तयार आहे का, हे खर्च करण्याआधीच विचारावं लागेल.

नझूलच्या जागेवरचं घर असेल तर भाडेपट्ट्याची मुदत शिल्लक आहे का आणि गहाण ठेवायला परवानगी लागते का ते बघा. अतिक्रमणातल्या जागेवरच्या घराचा विचारच सोडा.

दुसरी अडचण बांधकामाची. घराचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं असावं, अशी अट आहे. मातीच्या भिंती आणि कवेलूचं छत असलेलं घर इथेच गळतं. सिमेंटच्या घराचाही काळ्या मातीत घोटाळा होतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उथळ असेल तर भिंतींना तिरप्या चिरा पडतात. मूल्यांकन करणारा अभियंता दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या अशाच चिरा बघतो. त्यावर नुसता चुना फासून काही साधत नाही. पायापर्यंत गेलेली चीर असेल तर मूल्यांकनाआधीच गवंड्याकडून काम करून घेतलेलं परवडतं.

या सगळ्यामुळे प्रत्यक्षात ही योजना खेड्यातल्या गावठाणापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी, मंजूर अकृषक लेआउटमधल्या खरेदीखत असलेल्या घराला जास्त लागू पडते. बँकेला शेवटी ते घर विकायचं असतं, आणि ज्या गावात वर्षाला दोन घरं विकली जातात तिथे तिला किंमत ठरवताच येत नाही. खेड्यातल्या घरावर अर्ज नामंजूर झाला तर त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, ते तुम्हाला सांगोत न सांगोत.

दुसरी पायरी: महिन्याचा आकडा स्वतः काढा

आता एक उदाहरण घेऊ. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी लेआउटमधलं पक्कं घर आहे. बँकेने त्याची किंमत ३० लाख धरली. आजोबा ६८ वर्षांचे, आजी ६३ च्या. बँक म्हणते, किमतीच्या ८० टक्के म्हणजे २४ लाखांचं कर्ज मंजूर, मुदत १५ वर्षं, व्याज १०.५ टक्के.

इथे बहुतेक जण २४ लाखांना १८० महिन्यांनी भागतात आणि म्हणतात, महिन्याला १३ हजार ३३३ रुपये येतील. प्रत्यक्षात येतात सुमारे ५,५३०.

कारण ते २४ लाख हातात पडायची रक्कम नाही. ती पंधराव्या वर्षाच्या शेवटी व्याजासकट जमा झालेल्या कर्जाची कमाल मर्यादा आहे. आज दिलेल्या पहिल्या हप्त्यावर १५ वर्षं व्याज चढतं, दुसऱ्यावर एक महिना कमी, असं करत करत हप्ते आणि व्याज मिळून २४ लाख भरतात. त्या १५ वर्षांत आजी-आजोबांच्या हातात एकूण ९ लाख ९५ हजार येतात. बाकीचे १४ लाख ५ हजार निव्वळ व्याज असतं.

हा आकडा बँकेच्या तोंडून ऐकण्याआधी घरीच काढता येतो. पोरा-नातवाला मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये हे टाकायला सांगा:

```
=PMT(0.105/12,180,0,-2400000)
```

पहिला आकडा वार्षिक व्याज भागिले १२, दुसरा महिने आणि शेवटचा मंजूर मर्यादा. उत्तर येतं साधारण ५,५३०. व्याजदर, मुदत आणि मर्यादा बदलून बघा, म्हणजे मुदतीचा जोर किती आहे ते कळतं. तेच घर, तेच व्याज, पण मुदत १० वर्षं केली तर महिन्याला सुमारे ११,३८० रुपये येतात. २० वर्षं केली तर फक्त २,९६०. मुदत दुप्पट केल्यावर हप्ता निम्म्यावर थांबत नाही, तो चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो, कारण उरलेलं सगळं व्याजच खाऊन टाकतं.

म्हणून साठीत घाईने हे कर्ज घेणं बहुतेकांना पुरत नाही. मुदत जास्तीत जास्त २० वर्षांपर्यंतच मिळते. सत्तरी-पंच्याहत्तरीत, दुसरे पर्याय संपल्यावर, दहा वर्षांच्या मुदतीने घेतलं तर हप्ता कामाचा बसतो. दुसरीकडे, दहा वर्षांनी हप्ता थांबतो आणि माणूस ८५ चा होऊन हिंडत-फिरत असतो, हीही शक्यता धरावी लागते. हप्ता थांबला तरी घरात राहण्याचा हक्क जात नाही, पण त्या दिवसापासून उत्पन्न शून्य होतं आणि व्याज मात्र चालूच राहतं. आयुष्यभर पैसे हवे असतील तर विमा कंपनीच्या वार्षिकीशी जोडलेला प्रकार आहे का, हे बँकेला विचारा. त्यात रक्कम जन्मभर मिळते.

हप्त्यांव्यतिरिक्त मंजूर कर्जातली काही रक्कम एकदम उचलता येते. पण तिला ५० टक्क्यांची आणि १५ लाखांची कमाल मर्यादा आहे, आणि ती उपचारासाठीच असते. एकदम उचललेल्या पैशावर पूर्ण मुदतीचं व्याज चढत असल्यामुळे पुढचा हप्ता बराच घटतो. कर्जाचे पैसे धंद्यात किंवा सट्ट्यात घालायला नियमातच मनाई आहे. मुलाच्या कृषी केंद्रासाठी हे कर्ज काढू नका. हातात येणारे हप्ते कर्ज असल्यामुळे त्यांवर आयकर लागत नाही.

तिसरी पायरी: आजीचं नाव

या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त कुटुंबं फसतात. घर आजोबांच्या नावावर असतं, तेच अर्ज करतात आणि बँकेत जाऊन सही करून येतात. पाच वर्षांनी आजोबा जातात. शेवटचा कर्जदार गेला म्हणून कर्ज ताबडतोब देय होतं, आणि कर्जदार म्हणून आजीचं नाव नसेल तर तिच्या राहण्याला कागदावर आधार उरत नाही.

त्यामुळे आजीला सहकर्जदार केल्याशिवाय करारावर सही करू नका. ती ५५ ची झाली नसेल तर तिला वय होईपर्यंत थांबा. बँक घराच्या मालकीतही तिचं नाव मागू शकते. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, त्याशिवाय स्थानिक अधिभार लागू शकतो. पण बक्षीसपत्र आधी आणि कर्ज नंतर, हा क्रम पाळा. कर्ज चालू असताना मालकीत नवीन नाव घालणं हा करारभंग धरला जातो. बक्षिसाने मिळालेला हिस्सा बँकेला चालतो का, तेही लेखी विचारून घ्या.

सोबत दोघांचंही नोंदणीकृत मृत्युपत्र करा. बऱ्याच बँका ते मागतातच. मृत्युपत्र नसेल तर वारसांना आधी वारस प्रमाणपत्रासाठी कोर्टात जावं लागतं, आणि तेवढ्यात बँकेने दिलेली मुदत संपते.

चौथी पायरी: अर्ज ते पहिला हप्ता

तालुक्याच्या शाखेत असं प्रकरण क्वचित येतं. तिथले साहेब ‘आमच्याकडे ही योजना नाही’ म्हणाले तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुख्य शाखेत किंवा क्षेत्रीय कार्यालयात विचारा. सोबत खरेदीखत, इंडेक्स टू, आखीव पत्रिका किंवा सातबारा आणि अकृषक आदेश, लेआउटचा मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, चालू वर्षाची टॅक्स पावती, वयाचा पुरावा आणि दोघांचं आधार-पॅन न्या. बँक आपल्या वकिलाकडून मालकीचा शोध घेते आणि मूल्यांकनकर्ता घर बघून जातो. या दोघांची फी, प्रक्रिया शुल्क, गहाणखताचं मुद्रांक शुल्क आणि घराचा विमा हे खर्च तुमचे असतात. त्यातला कोणता रोख भरायचा आणि कोणता कर्जात मिळवला जाईल, याची यादी मागा. कर्जात मिळवलेल्या १५ हजार रुपयांवर १०.५ टक्क्यांनी १५ वर्षं व्याज चढलं की त्यांचे सुमारे ७२ हजार होतात.

सही झाल्यावर तीन कामकाजाचे दिवस विचार बदलायची सोय असते. तेवढ्यात कर्ज रद्द करता येतं, मात्र काही रक्कम खात्यात आली असेल तर ती त्याच मुदतीत परत द्यावी लागते. सही शुक्रवारी करून पोरांना रविवारी दाखवायची आणि सोमवारी ठरवायचं, असा बेत असेल तर बँकेच्या सुट्ट्या मोजून घ्या.

हप्ता कायम तेवढाच राहील असं धरू नका. बँक किमान पाच वर्षांतून एकदा घराचं पुन्हा मूल्यांकन करते आणि त्यानुसार हप्ता वाढू किंवा घटू शकतो. व्याज बदलतं असेल तर मर्यादा ठरलेल्यापेक्षा लवकरही भरू शकते.

कर्ज चालू असताना काय बिघडतं

घरटॅक्स भरणं, विमा चालू ठेवणं आणि डागडुजी करणं हे घरमालकाचंच काम राहतं. टॅक्स थकला तर बँक स्वतः भरून तुमच्या हप्त्यातून कापू शकते. एखादी खोली भाड्याने देणं, घर बक्षीस देणं किंवा त्यावर दुसरा बोजा चढवणं या कारणांनी बँक कर्ज लगेच परत मागू शकते. शेजारच्या खोलीत शिक्षक किंवा बँकेचा कर्मचारी भाड्याने ठेवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यातून महिन्याला चार हजार येत असतील तर ते सोडून ५,५३० चा हप्ता घेण्यात खरा फायदा १,५३० चाच आहे, आणि त्यापायी घर गहाण पडतं. अशा घराला हे कर्ज घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा सापळा पुण्याचा. सलग एक वर्ष कोणीच कर्जदार घरात राहिला नाही तर घर सोडलं असं धरून कर्ज देय होतं. आजोबांच्या उपचारासाठी दोघं पुण्याला मुलाकडे जातात, दिवाळी होते, उन्हाळा जातो आणि घराला कुलूप तसंच राहतं. जाताना बँकेला कारणासह लेखी कळवा, पोच घ्या आणि वर्ष भरायच्या आत परत येऊन राहा.

वारसांच्या वाट्याला काय येतं

आपल्या उदाहरणात पाच वर्षांनी कर्ज ४ लाख ३४ हजार झालेलं असतं. त्यातले ३ लाख ३२ हजार हातात आलेले असतात, म्हणजे व्याज लाखभरच वाटतं. दहा वर्षांनी कर्ज ११ लाख ६६ हजार असतं आणि पंधराव्या वर्षी २४ लाख. शेवटच्या पाच वर्षांत हातात आले ३ लाख ३२ हजार आणि कर्ज वाढलं १२ लाख ३४ हजारांनी. हप्ते थांबल्यावर आजी आणखी पाच वर्षं जगल्या तर एकही रुपया न उचलता कर्ज ४० लाख ४८ हजारांवर जातं.

घराची किंमत तेवढ्यात किती वाढली, यावर वारसाचं सगळं ठरतं. ३० लाखांचं घर दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढलं तर विसाव्या वर्षी ते सुमारे ५४ लाखांचं असेल आणि कर्ज फिटून वारसांना १३-१४ लाख उरतील. पण तालुक्याच्या गावात किंमत हललीच नाही तर घर जातं आणि हातात काही येत नाही. मात्र वारसांच्या अंगावरही काही येत नाही. कर्ज ४० लाख आणि घर ३० लाखांत विकलं गेलं तरी, कराराच्या अटी पाळलेल्या असतील तर, वरचे १० लाख बँक मुलांकडून किंवा वावरातून वसूल करू शकत नाही. जबाबदारी घराच्या विक्रीतून मिळणाऱ्या रकमेपुरतीच असते. ‘बापाच्या कर्जापायी वावर जाईल’ ही भीती इथे लागू नाही.

खरी अडचण वेगळीच असते. एक मुलगा त्याच घरात आई-वडिलांसोबत राहतो, दुसरा नागपूरला आणि मुलगी सासरी. मृत्यूनंतर कर्ज फेडून घर ठेवण्याचा पहिला हक्क वारसांना मिळतो, पण त्यासाठी वेळ साधारण दोन महिने. दहाव्या वर्षी ११ लाख ६६ हजार दोन महिन्यांत उभे करायचे असतात आणि घरात राहणाऱ्याकडे ते नसतात. मोठा पैसे भरतो, मग घर मोठ्याचं की तिघांचं, यावर वाद पेटतो. स्वतः कमावलेलं घर गहाण ठेवायला मुलांची संमती कायद्याने लागत नाही, तरीही सही करण्याआधी तिन्ही मुलांना एकत्र बसवा. वर्षागणिक कर्जाचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. पैसे कोण भरेल आणि भरणाऱ्याला काय मिळेल ते मृत्युपत्रात लिहा. घरात राहणाऱ्या मुलाची सोय दुसरीकडे नसेल तर त्याने दरमहा थोडं थोडं कर्ज फेडत राहण्याचाही मार्ग आहे. हे कर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही.

मृत्यू झाल्यावर वारसांनी दशक्रिया आटोपली की लगेच बँकेला मृत्यूचा दाखला देऊन कळवावं आणि त्या तारखेचा लेखी बाकी-उतारा मागावा, कारण व्याज त्या दिवशीही थांबलेलं नसतं. घर ठेवायचं असेल तर कमावत्या वारसाच्या नावाने दुसऱ्या बँकेचं गृहकर्ज काढून हे फेडता येतं, पण त्याच्या मंजुरीलाच महिना जातो, म्हणून मुदतवाढीचा अर्ज पहिल्या आठवड्यातच द्यावा. विकायचं असेल तर बँकेच्या परवानगीने स्वतः गिऱ्हाईक शोधणं लिलावापेक्षा बरं. लिलावात घाईची किंमत येते. पूर्ण रक्कम भरल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. कागद ताब्यात घेताना खरेदीखताची मूळ प्रत आहे ना ते पानं मोजून बघावं आणि आखीव पत्रिकेवरचा बोजा उतरवल्याची नोंद झाल्यावर नवा उतारा काढून ठेवावा.